फोटो परत येणार नाहीत

सोमवारी सकाळी ताई स्टुडिओत आली तेव्हा तिचा धाकटा भाऊ मागच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसला होता. समोर ग्राहकांचे फोटो साठवायचा काळा डबा उघडा पडला होता आणि आतून टक्‌ टक्‌ असा आवाज येत होता, कुणी नखानं टेबल वाजवावं तसा.

"हे काय?"

"डिस्क गेली बहुतेक," तो म्हणाला. वर बघितलं नाही.

स्टुडिओ वडिलांनी सुरू केलेला. ते गेल्यावर दोघांनी मिळून चालवला. कॅमेरा आणि कॉम्प्युटर धाकट्याकडे, काउंटर आणि माणसं ताईकडे. लग्नं, बारशी, वाढदिवस, शाळेचे कार्यक्रम. पूर्वी प्रत्येकाला फोटोंचा पेनड्राइव्ह द्यायचे. मग ताईनंच डोकं लढवून ते बंद केलं. फोटो स्टुडिओकडे राहतील, ग्राहकांनी थोडी फी भरून लिंकवर हवे तेव्हा बघावेत. "फोनमध्ये कशाला जागा अडवता? आमच्याकडे कायम राहतील," हे वाक्य ती काउंटरवर इतक्यांदा बोलली होती, की शेवटी तेच पाटीवर लिहून घेतलं.

"दुसरीकडे प्रत असते ना रे? रोज आपोआप जाते म्हणाला होतास."

धाकटा गप्प बसला. तो गप्प बसला की काहीतरी मोठं सांडलंय, हे ताईला तो शाळेत होता तेव्हापासून ठाऊक होतं.

"जायची," तो म्हणाला. "इंटरनेटवर भाड्यानं घेतलेल्या जागेत ठेवतो ना आपण प्रत, तिथला पासवर्ड मी बदलला होता. इथल्या मशीनमध्ये नवा टाकायचा राहिला. म्हणून प्रत जायची थांबली."

"कधी?"

"मागच्या वर्षाच्या सुरुवातीला."

"आणि आपल्याला कळलं नाही?"

"मेल येत होते. 'प्रत गेली नाही' म्हणून. जुन्या पत्त्यावर. तो मी उघडत नाही."

ताई स्टुलावर बसली. मागच्या वर्षाच्या सुरुवातीपासून आजपर्यंत. डोळ्यांसमोरून एकेक कार्यक्रम सरकायला लागला, आणि मग तिनं डोळ्यांवर हात धरला.

"अजून काही संपलेलं नाही," धाकटा घाईनं म्हणाला. "डिस्कमधून डेटा काढून देणारा एक जण आहे. त्याच्याकडे पाठवतो. निघतात बरेचदा."

तोवर ग्राहकांना काहीतरी सांगायला हवं होतं, कारण लिंक उघडली की पांढरं पान दिसत होतं आणि फोन वाजायला लागले होते. ताईनं मेसेज लिहिला. तिचा हात त्यात बसलेला होता. 'सर्व्हरच्या देखभालीचे काम सुरू असल्याने काही फोटो तात्पुरते दिसणार नाहीत. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' वाचायला गुळगुळीत, धरायला गेलं तर हाताला काही लागू नये असा. देखभाल चालू नव्हती. तात्पुरतं आहे की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. पण फोन थांबले. लोक म्हणाले, असेल काही काम. ताईला हायसं वाटलं, आणि ते वाटल्याचं तिला त्या दिवशी काही वाटलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी डिस्कवाल्याचा फोन आला तेव्हा ती काउंटरवर पासपोर्टचे फोटो कापत होती. धाकटा बाहेर शूटिंगला गेलेला, म्हणून तिनंच उचलला.

"मी सरळच सांगतो ताई," तो म्हणाला. "आत जी चकती असते, तिच्यावर वाचायची सुई घासली गेलीय. पार चरे पडलेत. वरचा थरच निघालाय, आणि डेटा त्या थरावरच असतो. मी काढू शकणार नाही. दुसरा कुणी काढतो म्हणाला तर त्याला आधी विचारा, कसं काढणार म्हणून."

"थोडेसुद्धा नाही?"

"खोटी आशा लावून ठेवण्यात अर्थ नाही. डिस्क परत पाठवतो. आणि एक ऐका, जुनी जी प्रत आहे म्हणता, तिला आधी हात न लावता तिची आणखी एक प्रत काढा. आहे तेवढं तरी जपा."

फोन ठेवल्यावर ताईनं उरलेले पासपोर्टचे फोटो कापून पूर्ण केले. कडा सरळ आल्या नाहीत. पुन्हा छापून पुन्हा कापले.

धाकटा आला तसं तिनं सांगितलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. "आता काय सांगायचं लोकांना?" तिनं विचारलं.

"लगेच काही नको. आधी जुने फोटो सुरू करू. मग सांगू, एवढे परत आणले म्हणून. नुसतं 'गेले' सांगितलं तर लोक अंगावर येतील. हंगाम तोंडावर आहे, ताई. बुकिंग रद्द होतील."

ताईला ते पटलं असं नाही. पण ते सोयीचं होतं. जे सोयीचं असतं ते पटायला माणसाला फार वेळ लागत नाही.

त्याच दुपारी चष्मेवाले काका आले.

काकांचं चष्म्याचं दुकान त्याच रस्त्यावर, चार दुकानं सोडून. ताईच्या शाळेपासूनचा प्रत्येक चष्मा त्यांनीच केलेला. मागच्या वर्षी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा मुलानं मोठा कार्यक्रम केला होता आणि व्हिडिओ धाकट्यानं काढला होता. त्यात काकूंनी माइक हातात घेऊन काकांची जी सालटी काढली होती, ती बघून अख्खा हॉल खुर्चीतून घसरला होता. "पन्नास वर्षं जगाचे डोळे तपासतायत, घरातला मिठाचा डबा समोर असून दिसत नाही!" काकू त्यानंतर काही महिन्यांतच गेल्या. छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं.

काका काउंटरला हात टेकून उभे राहिले. "अगं, तुमचा मेसेज आला होता. तिचा तो व्हिडिओ दिसत नाहीये. येईल ना परत?"

डिस्कवाल्याचा फोन येऊन फार वेळ झाला नव्हता. त्याचे शब्द अजून कानात होते.

"येईल हो काका," ताई म्हणाली. "चार दिवस लागतील. काही काळजी करू नका."

"म्हणजे तुमच्याकडे आहे ना सुरक्षित?"

"आहे ना."

"मग झालं. मला एवढंच विचारायचं होतं." ते वळले, पुन्हा थांबले. "आईला म्हणावं, नवा चष्मा तयार आहे. तूच घेऊन जा येऊन."

ते गेल्यावर ताईनं पाणी प्यायलं. दोन शब्द बोलून बाई मोकळी झाली, असं तिनं स्वतःलाच म्हणून बघितलं. मोकळं वाटलं नाही.

दोन-तीन दिवसांनी ती आईचा चष्मा आणायला गेली. काकांच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काचेच्या कपाटांसमोर काका एका हातात नवाकोरा फोन धरून दुसऱ्या हाताच्या बोटानं त्याला हळूच टोचत होते, जणू तो झोपलाय आणि दचकायला नको.

"बघ, सूनबाईनं घेऊन दिला," ते म्हणाले. "जुना अगदी मरायला टेकला होता. बॅटरी सकाळी भरली की दुपारी ढेर. पण मी देत नव्हतो. तिचा व्हिडिओ होता ना त्यात. परवा तू म्हणालीस तुमच्याकडे सुरक्षित आहे, म्हटलं मग कशाला अडवून धरायचा? दिला बदली करून."

ताईनं काउंटरवरची आईच्या चष्म्याची डबी उचलली.

"काका, त्या फोनमधलं... नव्या फोनमध्ये घेतलं ना सगळं?"

"नंबर घेतले सगळ्यांचे. फोटोंचं त्या पोरानं विचारलं, आहेत का दुसरीकडे? म्हटलं आहेत, स्टुडिओत आहेत." त्यांनी हसून तिच्याकडे बघितलं. "तुझंच नाव सांगितलं."

"कुठल्या दुकानात दिला?"

"चौकातल्या. का गं?"

"काही नाही. उगाच विचारलं."

पुन्हा खोटं. तोंडातून इतक्या सहज निघालं, की रस्त्यावर आल्यावर तिला स्वतःची भीती वाटली. ती चौकापर्यंत जवळजवळ धावतच गेली. फोनच्या दुकानातल्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं.

"बदलीचा फोन आम्ही गिऱ्हाइकासमोरच पुसतो, मॅडम. त्यांच्याच हातानं बटण दाबून घेतो. नंतर कुणाचं काही दुसऱ्याच्या हाती लागायला नको म्हणून. त्यातलं आता काही निघणार नाही. आणि फोन काल वरच्या गोदामात गेला."

"त्यांच्याच हातानं?" ताईनं विचारलं.

"हो. मीच दाखवलं त्यांना, इथे दाबा म्हणून."

परत येताना ती काकांच्या दुकानासमोरून आली नाही. मागच्या गल्लीतून, कचऱ्याच्या डब्यांच्या बाजूनं आली. डिस्क फुटली ती यंत्राची गोष्ट होती. पासवर्ड राहिला ती धाकट्याची चूक. पण काकांनी स्वतःच्या बोटानं काकूंचा आवाज पुसला, तो तिनं पुसायला लावला होता. 'तात्पुरते' या एका शब्दानं आणि 'आहे ना' या दोन शब्दांनी. आणि तो मेसेज काही फक्त काकांना गेला नव्हता. मागच्या वर्षापासूनच्या प्रत्येक ग्राहकाला गेला होता. आज, आत्ता, त्यांतलं कोणीतरी फोनमध्ये जागा कमी पडते म्हणून फोटो पुसत असेल. स्टुडिओकडे आहेत ना, म्हणून.

धाकटा जुन्या प्रतीची आणखी एक प्रत काढत बसला होता. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"आज मेसेज जाणार," ती म्हणाली. "लिहायला बस."

त्यानं कॉम्प्युटर पुढे ओढला आणि टाइप केलं. ताईनं खांद्यावरून वाचलं. 'काही तांत्रिक कारणांमुळे काही ग्राहकांचे काही फोटो गहाळ झाले आहेत.'

"एका ओळीत तीनदा 'काही'," ती म्हणाली. "कुठलं कारण? कुठले ग्राहक? कुठले फोटो? आणि गहाळ म्हणजे? फोटो म्हणजे काय छत्री आहे का रे, बसमध्ये राहायला?"

"मग काय लिहू?"

"गेले. परत येणार नाहीत."

"ताई, एखादा वकील गाठू आधी. लेखी कबूल केलं तर..."

"वकिलाला विचार, मी नाही म्हणत नाही. पण तो हो म्हणेपर्यंत आणखी किती जण बटण दाबतील? निदान 'फोनमधलं पुसू नका' एवढं तरी आत्ता सांगावंच लागेल ना? आणि ते का, हे सांगितल्याशिवाय कोण ऐकणार आहे?"

धाकट्यानं टाइप केलेलं पुसलं. "'फोटो नष्ट झाले आहेत' असं लिहितो."

"आपोआप झाले? पिकलं पान गळावं तसे?"

त्यानं कीबोर्डवरून हात काढले. मग खालच्या आवाजात म्हणाला, "'आमच्याकडून' लिहू. आणि पासवर्डचं पण लिहू. मेल येत होते, आम्ही बघितले नाहीत, हे पण. नाहीतर लोक म्हणतील डिस्क काय कुणाचीही जाते. डिस्क कुणाचीही जाते. प्रत नव्हती, ती आपल्यामुळे."

ताईनं त्याच्याकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. ती खुर्ची ओढून शेजारी बसली, आणि दोघांनी मिळून मजकूर लिहिला. एकेका शब्दावर भांडत. धाकट्याला 'आम्हाला अतिशय तीव्र दुःख होत आहे' घालायचं होतं. ताई म्हणाली, आपलं दुःख त्यांच्या काय कामाचं, त्यांना काय करायचं ते सांग. ताईला काकांची गोष्ट लिहायची होती, नाव न घेता. धाकटा म्हणाला, ती आपली नाही, त्यांची आहे. ते तिनं ऐकलं. सगळं लिहून झाल्यावर मजकूर असा झाला:

'तुमचे फोटो आणि व्हिडिओ आमच्याकडून नष्ट झाले आहेत. ते आमच्याकडून परत मिळणार नाहीत. मागच्या वर्षाच्या सुरुवातीपासून या सोमवारपर्यंत आम्ही काढलेल्या सर्व कार्यक्रमांना हे लागू आहे. त्याआधीचे फोटो सुरक्षित आहेत.

कृपया तुमच्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये यांतले काहीही असेल तर पुसू नका. फोन विकू किंवा बदलू नका. कार्यक्रमाला आलेल्या नातेवाइकांनाही आजच सांगा.

काय झाले: फोटो ठेवलेली डिस्क सोमवारी बिघडली. तज्ज्ञाने तपासून त्यातून काही निघणार नाही असे सांगितले आहे. दुसरीकडे रोज प्रत जायला हवी होती. आम्ही पासवर्ड बदलताना केलेल्या चुकीमुळे ती जात नव्हती, आणि तसे कळवणारे मेल आम्ही पाहिले नाहीत. चोरी झालेली नाही. तुमचे फोटो दुसऱ्या कुणाच्या हाती लागल्याचे आम्हाला काहीही आढळलेले नाही.

ज्यांनी छापील अल्बम केला त्यांच्या अल्बममधले फोटो आमच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर आहेत. ते आम्ही पाठवू. या काळातला व्हिडिओ एकही शिल्लक नाही. तुमच्याकडे किंवा नातेवाइकांकडे जे असेल ते आणा, आम्ही एकत्र करून, नीट लावून देऊ. फोटो ठेवण्यासाठी घेतलेली फी परत करू.

सोमवारी आम्ही देखभालीचे काम सुरू असल्याचे कळवले होते. ते खरे नव्हते. त्यावर विसंबून कुणी काही पुसले असेल तर तो दोष आमचा आहे. दर शुक्रवारी पुन्हा कळवू, नवे काही नसले तरी. या क्रमांकावर फोन करा, आम्ही दोघांपैकीच कुणीतरी उचलू. आम्हाला माफ करा.'

"पाठवू?" धाकट्यानं विचारलं.

"मला अर्धा तास दे. काकांना हे फोनवर वाचायला लागता कामा नये."

काका एका बाईंना फ्रेम दाखवत होते. ताईला बघून म्हणाले, "काय गं, आईला दिलास का चष्मा?"

"काका, जरा बोलायचंय."

त्यांनी बाईंना आरशासमोर बसवलं आणि ताईला घेऊन आत, डोळे तपासायच्या खोलीत आले. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी, खाली बारीक होत गेलेली. खुर्ची एकच, तपासायची. ती कुणीच घेतली नाही.

"काकूंचा व्हिडिओ आमच्याकडे नाही," ताई म्हणाली. वाटेत तिनं सुरुवात करायला आठ-दहा वाक्यं जुळवली होती, ती सगळी बाजूला राहिली. "डिस्क फुटली आणि प्रत नव्हती. आमची चूक आहे. तो परत येणार नाही."

बाहेर बाई फ्रेम उघडझाप करत होत्या, त्याचा बारीक आवाज येत होता.

"परवा तू म्हणालीस, आहे."

"हो."

"तेव्हा तुला माहीत नव्हतं?"

इथे थांबता आलं असतं. नव्हतं म्हणाली असती तर काकांनी मानलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, त्यांना ते मानायचंच होतं.

"माहीत होतं," ताई म्हणाली. "सकाळीच कळलं होतं. मी खोटं बोलले."

काकांनी स्वतःचा चष्मा काढला. कोटाच्या खिशातून कापड काढून पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"फुटलं ते फुटलं," ते म्हणाले. "यंत्र आहे. माझ्याकडेही काचा फुटतात. पण तू मला तेव्हा सांगितलं असतंस ना, तर मी तो फोन छातीशी धरून बसलो असतो गं. दिला नसता." त्यांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "मी त्या पोराला हसत हसत म्हणालो, दाब म्हणतोस, दाबतो."

"काका, मी फोनच्या दुकानात जाऊन आले. तिथे काही..."

"माहीत आहे मला पुसलं म्हणजे काय ते. मी म्हातारा आहे, बावळट नाही."

"कार्यक्रमाला आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी काढलं असेल. तुम्ही परवानगी दिलीत तर मी एकेकाला फोन करते."

त्यांनी चष्मा चढवला. "बाहेर गिऱ्हाईक बसलंय," ते म्हणाले. "तू जा आता."

ती निघाली. दारापर्यंत पोचल्यावर मागून म्हणाले, "सुनेकडून नंबर घे पाहुण्यांचे. माझ्याकडून नको."

मेसेज गेला तेव्हा दुपार होती. पहिला फोन यायला वेळ लागला नाही. एका नवऱ्या मुलाचा बाप नुसता ओरडत होता. ताई ऐकत राहिली. तो दम घ्यायला थांबला तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे. मुलाच्या मित्रांनी काढलेले फोटो आहेत का, ते आज विचाराल का? पुसले जायच्या आत." तो आणखी चिडला आणि त्यानं फोन आपटला. संध्याकाळी तोच माणूस दोन फोन घेऊन दारात उभा राहिला. एका बाईंनी विचारलं, बाळाचे फोटो कुठे भलतीकडे तर गेले नाहीत ना? ताईनं पुन्हा सांगितलं की तसं काही आढळलेलं नाही. बाई म्हणाल्या, मग बाकीचं बघू, आणि ठेवलाच फोन. एका मुलीनं सांगितलं, ती फोन साफ करतच बसली होती, मेसेज आला म्हणून बोट मागे घेतलं. ताईला तेवढं ऐकून बरं वाटलं, आणि लगेच काकांचं बोट आठवलं.

काही बुकिंग रद्द झाली. धाकट्याला भीती होती त्याहून जास्तच. एकानं दुकानाचा फोटो काढून खाली लिहिलं, 'आठवणी बुडवणारे भाऊबहीण', आणि ते गावभर फिरलं. आईनं ते वाचलं. जेवताना म्हणाली, "तुमच्या वडिलांना हे बघावं लागलं नाही," आणि मग ताटातली आमटी नुसतीच ढवळत राहिली. धाकटा उठून गेला. ताईला तो दिलासा होता की टोमणा, ते कळलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

पण माणसं येत राहिली. स्टुडिओतला शूटिंगचा पडदा गुंडाळून तिथे लांब टेबल टाकलं. लोक फोन, पेनड्राइव्ह, जुने लॅपटॉप घेऊन यायचे. धाकटा उतरवून घ्यायचा, तारखेप्रमाणे लावायचा, तीन ठिकाणी ठेवायचा, आणि ठेवलेलं खरंच उघडतं का ते माणसासमोर उघडून दाखवायचा. ज्यांनी मेसेजला उत्तर दिलं नाही त्यांना ताई फोन करायची. काहींनी क्रमांक बदलले होते. त्यांच्या घरी जाऊन यायची. दारात उभं राहून तीच वाक्यं म्हणायची: काय झालं, तुमचं काय गेलं, काय उरलंय, आता काय करता येईल. सांगून सांगून जीभ सरावेल असं तिला वाटलं होतं. सरावली नाही. प्रत्येक दारात मान खालीच जायची.

शुक्रवारी त्यांनी कळवलं, अल्बममधले फोटो पाठवून झाले, डिस्कबद्दल नवं काही नाही. पुढच्या शुक्रवारीही कळवलं.

काकांच्या पाहुण्यांपैकी बहुतेकांकडे जेवणाच्या पंगतीचे आणि स्वतःचे फोटो होते. सुनेनं दिलेल्या क्रमांकांवर ताई एकेकाला विचारत गेली. शेवटी काकांच्या एका भाचीकडे एक तुकडा निघाला. तिनं तिच्या मुलीचा नाच टिपला होता. नाचणाऱ्या पोरीच्या मागे, कोपऱ्यात, काकू हातात माइक घेऊन उभ्या होत्या. पोरीच्या गाण्याचा आवाज मोठा. काकूंचे ओठ हलताना दिसत होते, शब्द लागत नव्हते. अगदी शेवटी गाणं थांबतं आणि काकू मोठ्यानं हसतात. तेवढं हसणं स्वच्छ ऐकू येत होतं. मग चित्र संपतं.

ताईनं सुनेला कळवलं: सापडलंय ते भाषण नाही. थोडंसंच आहे. बोलणं ऐकू येत नाही, हसणं येतं.

काका स्वतःच आले. त्या दिवसानंतर ते पहिल्यांदाच स्टुडिओची पायरी चढत होते. टेबलाभोवती दोन-तीन माणसं होती, ती आपण होऊन सरकली. धाकट्यानं खुर्ची दिली. काका बसले नाहीत. त्यानं तुकडा लावला.

काका पडद्याच्या इतके जवळ गेले की त्यांच्या श्वासानं काचेवर वाफ धरली. हसणं आलं, संपलं.

"पुन्हा लाव."

धाकट्यानं लावलं. मग न सांगता आणखी एकदा लावलं. ताई काउंटरच्या आत उभी होती. तिला तिथून जावंसं वाटत होतं आणि जाता येत नव्हतं.

"हे माझ्या फोनमध्ये घ्यायचंय," काका म्हणाले.

"द्या काका, मी करून देते." ताईनं हात पुढे केला.

काकांनी फोन स्वतःजवळ घेतला. रागानं नाही. सावध माणूस गर्दीत खिसा दाबतो, तसा.

"तू सांग," ते म्हणाले. "मी करतो."

ताईनं हात मागे घेतला. काउंटरच्या बाहेर येऊन ती त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि एकेक पायरी सांगायला लागली. कुठे दाबायचं, आलं का ते कसं बघायचं. फोनमध्ये आल्यावर मुलाला पाठवायचं, सुनेला पाठवायचं. पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि तो घरी ठेवायचा, दुकानात नको. दर वेळी काका विचारायचे, "आणि इथून गेलं तर?" आणि ती खरं काय ते सांगायची, हेही जाऊ शकतं काका, म्हणून दुसरीकडे हवं. काका मान हलवायचे आणि बोटानं हळूच पुढचं बटण दाबायचे.